काळ्याभोर केसांवर बर्गंडी, कॉपर आणि चेस्टनट: ब्लीचशिवाय नेमकं काय दिसतं

पार्लरमधलं शेड कार्ड उघडलं की बर्गंडी, कॉपर, चेस्टनट अशा नावांखाली रंगवलेल्या छोट्या बटा चिकटवलेल्या असतात. कॉपरची बट तर घासून ठेवलेल्या तांब्याच्या कळशीसारखी झळकते. पण त्या सगळ्या बटा मुळात पांढऱ्या तंतूंवर रंगवलेल्या असतात. आपल्या काळ्या केसांवर तोच रंग चढवला तर काय होईल, ते त्या कार्डावरून कळत नाही. ते आपल्याच केसांवर बघावं लागतं, आणि मी ते बघितलं.

माझे केस नैसर्गिक काळे आहेत. सावलीत पूर्ण काळे दिसतात आणि भर उन्हात कडेला किंचित तपकिरी. साताऱ्याला माझ्या मावसबहिणीचं पार्लर आहे. तिनं केस खिडकीशी नेऊन बघितले आणि म्हणाली, ‘‘दोन नंबर. फार तर तिसऱ्याच्या अलीकडे.’’ रंगाच्या धंद्यात केसांची गडद-फिकट पातळी 1 ते 10 अशी मोजतात. 1 म्हणजे कुळकुळीत काळा, 10 म्हणजे अगदी फिकट सोनेरी. आपल्याकडचे बहुतेक केस 1 ते 3 मध्येच येतात. शेड कार्डावरच्या आकड्यात टिंबाच्या आधीचा अंक ही पातळी सांगतो आणि टिंबानंतरचे अंक छटा सांगतात. बऱ्याच कंपन्यांमध्ये 4 म्हणजे तांबूस, 5 म्हणजे महोगनी, 6 म्हणजे लाल, पण हे सगळीकडे सारखं नसतं. म्हणून आकडा बघायचा तो त्याच कंपनीच्या कार्डावर.

ब्लीच करायचं नाही हे माझं आधीच ठरलं होतं. माझे केस बारीक आहेत आणि पाठीपर्यंत लांब आहेत. ब्लीच पावडरीनं केसातला काळा रंग झपाट्यानं निघतो, पण त्याबरोबर केसांची ताकदही जाते. लांब केसांच्या टोकांना ते सगळ्यात आधी जाणवतं. शिवाय फिकट केलेल्या केसांना महिन्याभरात काळी मुळं फुटली की ती लांबूनही दिसतात. मला रंग हवा होता, पण दर महिन्याला पार्लरची वारी नको होती.

मग ताईनं एक गोष्ट समजावली, आणि माझ्या मते ब्लीचशिवाय रंग लावणाऱ्या प्रत्येकीनं ती आधी समजून घ्यावी. ‘‘ब्लीच करायचं नाही म्हणजे केस उजळायचेच नाहीत असं नाही गं,’’ ती म्हणाली. ‘‘कायमचा रंग लावला की केस थोडे उजळतातच. तेवढं उजळलं म्हणून तर तो दिसतो.’’ ट्यूबमधल्या क्रीम कलरमध्ये अमोनिया किंवा तसाच दुसरा अल्कधर्मी पदार्थ असतो. त्यानं केस फुगतो आणि त्याच्यावरचे बारीक खवले उघडतात. त्यात मिसळलेल्या डेव्हलपरमध्ये हायड्रोजन पेरॉक्साइड असतं. ते आत शिरून केसातलं काळं रंगद्रव्य थोडंसं तोडतं, आणि त्याच वेळी रंगाचे आत गेलेले बारीक कण एकमेकांना जोडून मोठे करतं, म्हणजे ते आतच अडकून राहतात. उजळणं आणि रंग चढणं ही दोन्ही कामं एकदमच चालू असतात. जी रंगक्रीमं नुसता रंग देतात, उजळत नाहीत, ती काळ्या केसांवर चढतात खरी, पण आतला काळा रंग त्यांना झाकून टाकतो. काळ्या पाटीवर लाल शाईनं लिहिण्यातलाच प्रकार.

म्हणजे किती दिसणार हे बरंचसं डेव्हलपरवर ठरतं. तो व्हॉल्यूममध्ये मोजतात. 10 व्हॉल्यूम म्हणजे 3 टक्के पेरॉक्साइड. त्यानं जवळजवळ काहीच उजळत नाही. 20 व्हॉल्यूम म्हणजे 6 टक्के, साधारण एक ते दोन पातळ्या. 30 व्हॉल्यूम म्हणजे 9 टक्के, दोन ते तीन पातळ्या. 40 व्हॉल्यूमही मिळतो, 12 टक्क्यांचा, पण ताई तो टाळूजवळ लावतच नाही. त्यानं टाळूची आग होते आणि मुळांशी रंग भडक होतो. माझे केस दोन नंबरचे, म्हणजे 30 व्हॉल्यूमनं ते फार तर चार-पाचपर्यंत येणार. त्याच्या पलीकडचा कुठलाही रंग कार्डावर कितीही सुंदर दिसला तरी माझ्यासाठी नव्हता.

आता काळा केस उजळताना आतून कुठला रंग निघतो, तेही इथे कामाचं आहे. काळ्या केसात लालसर रंगद्रव्यही असतं, आणि काळं आधी तुटतं. म्हणून पहिल्या एक-दोन पातळ्यांवर केस गडद तांबडट तपकिरी होतात, आणखी उजळले की तांबूस नारिंगी, मग नारिंगी, आणि पिवळा त्याच्याही पुढे. थांबायचंच लालसर टप्प्यावर असेल, तर लाल आणि जांभळ्या छटांना पार्श्वभूमी आयती मिळते. बर्गंडी काळ्या केसांवर जमते ती यामुळेच. कॉपरला मात्र नारिंगी टप्पा लागतो, म्हणजे निदान सहाची पातळी. तिथपर्यंत 30 व्हॉल्यूम दोन नंबरच्या केसाला नेत नाही.

हे ऐकून पटतं, पण डोळ्यांनी बघितल्याशिवाय मन मानत नाही. म्हणून आम्ही बटा करून बघायचं ठरवलं. त्याआधी दोन कामं उरकली. ताईनं कानामागे रंगाचा ठिपका लावून 48 तास वाट बघायला लावली. अशा रंगांत पीपीडी किंवा तिच्या जातीची रसायनं असतात, आणि ज्यांना त्यांची ॲलर्जी असते त्यांचा चेहरा, डोळे सुजू शकतात. पूर्वी कधी काळ्या मेंदीनं हातावर खाज किंवा फोड आले असतील, तर रंग लावायचाच नाही, कारण काळी मेंदी काळी होते ती बहुधा पीपीडीमुळेच. दुसरं काम पाणी घालून कालवायच्या पुड्यांबद्दलचं. केस रंगवायच्या अशा काही पुड्यांत धातूंचे क्षार असतात. त्या लावलेल्या केसांवर पेरॉक्साइड पडलं की केस तापतात, कधी वाफाळतात आणि तुटतात. ज्या बाईच्या डोक्याला पूर्वी काय लागलंय हे माहीत नसतं, तिची एक बट ताई काचेच्या वाटीत 20 व्हॉल्यूमच्या पेरॉक्साइडमध्ये अमोनियाचे थोडे थेंब घालून अर्धा तास भिजवते. बुडबुडे आले, वाटी गरम झाली किंवा बटीचा रंग विचित्र बदलला, तर ती काम घेत नाही. माझ्या केसांना तसलं काही लागलेलं नव्हतं. टोकांकडच्या चार बोटांना मात्र पूर्वी कधी तरी काळा क्रीम कलर लावला होता, आणि त्याचं पुढे काय झालं ते सांगते.

मानेजवळच्या खालच्या थरातून, जिथे कापलेलं दिसत नाही, ताईनं पेन्सिलीएवढ्या जाड बटा कापल्या आणि वरच्या टोकाला दोऱ्यानं बांधल्या. एकीला बर्गंडी, म्हणजे पातळी 4 ची लाल-जांभळी छटा. दुसरीला कॉपर, पातळी 6 ची. तिसरीला चेस्टनट, पातळी 5 ची, त्यात थोडी महोगनी. तिन्हींना 30 व्हॉल्यूम, एक भाग क्रीम आणि दीड भाग डेव्हलपर, 45 मिनिटं. चौथीला अमोनिया नसलेला, नुसता वर चढणारा लाल रंग. आणि पाचवीला मेंदी, कारण त्या दिवशी आईची मेंदी भिजवलेली होतीच.

धुऊन, वाळवून बटा पांढऱ्या कागदावर ओळीनं ठेवल्या. ट्यूबलाइटखाली मी बघितलं तर पाचही काळ्याच वाटल्या. बर्गंडीच्या बटीत जरा वेगळं काही तरी आहे एवढंच कळत होतं, रंगाचं नाव सांगता आलं नसतं. मग खिडकीजवळ नेल्या. तिथे बर्गंडी गडद वांगी-लाल दिसायला लागली, चेस्टनट कॉफीच्या बीसारखी तपकिरी. कॉपर आणि चेस्टनटमधला फरक अजूनही मला ओळखता येत नव्हता. अंगणात उन्हात नेल्यावर मात्र प्रत्येक बट वेगळी उठून दिसली. बर्गंडी पिकल्या जांभळाच्या गरासारखी लाल-जांभळी चमकली. चेस्टनट उबदार तांबूस तपकिरी. कॉपरची बट कार्डावरच्या कॉपरच्या जवळपासही नव्हती. ती चेस्टनटपेक्षा थोडी जास्त तांबडी होती आणि कडेच्या सुट्या केसांत तेवढी नारिंगी झाक होती. नुसता वर चढणाऱ्या रंगाची बट कडक उन्हात, एका ठराविक कोनातून धरली तरच लालसर वाटली.

मेंदीची बट बघताना आईनं आपले केस पुढे घेतले. तिचे अर्धेअधिक केस पांढरे आहेत. त्याच वाटीतल्या मेंदीनं ते लालबुंद नारिंगी झाले होते आणि माझी बट जवळजवळ होती तशीच. मेंदीतला लॉसोन केसाच्या केराटिनला चिकटतो, पण केस जराही उजळवत नाही. त्यामुळे पांढऱ्यावर पूर्ण रंग आणि काळ्यावर फक्त झाक. आई म्हणाली, ‘‘तुला कॉपर पाहिजे ना? माझ्या वयाची हो, फुकट मिळेल.’’ ताईला हसू आवरेना. पण खरंच, शेड कार्डावरचा कॉपर आमच्या घरात आईच्याच डोक्यावर होता.

मला सगळ्यात जास्त कुतूहल वाटलं ते उजेडाचं. तीच बट ट्यूबलाइटखाली काळी आणि उन्हात जांभळी, हे नुसतं कमी-जास्त प्रकाशामुळे होत नाही. घरात आणि ऑफिसात वापरतात त्या साध्या पांढऱ्या एलईडीच्या आणि ट्यूबच्या प्रकाशात निळा आणि पिवळा-हिरवा भाग भरपूर असतो, गडद लाल कमी. गडद लाल वस्तूवर लाल प्रकाशच पोचला नाही, तर ती परत काय पाठवणार? म्हणून बर्गंडी तिथे काळी पडते. जुन्या पिवळ्या बल्बच्या प्रकाशात लाल भाग भरपूर असतो. देवघरात असा एक बल्ब होता, तिथे नेल्यावर तीच बट लगेच उबदार दिसली. ऊन सगळ्यांत उदार, त्यात सगळेच रंग असतात आणि ते प्रखरही असतं.

दुसरं कारण केसाच्या आत आहे. केसावर प्रकाश पडला की काही भाग वरच्या खवल्यांवरूनच परततो. त्याला केसाचा रंग लागत नाही, तो पांढराच राहतो. तेल लावलेल्या काळ्या केसांवर दिसते ती पांढरट चमक हीच. उरलेला प्रकाश केसात शिरतो, मागच्या भिंतीवर आपटून बाहेर येतो, आणि येताना आतला रंग घेऊन येतो. आत गच्च काळं असेल तर तो वाटेतच संपतो. थोडं उजळलेलं असेल तर लाल उरतं, आणि पांढऱ्या चमकेच्या शेजारी लाल पट्टा दिसतो. म्हणूनच सुट्या, हलणाऱ्या केसांत, कडांना आणि ऊन मागून येत असताना रंग जास्त दिसतो. घट्ट वेणीत किंवा अंबाड्यात तो खूपसा लपतो. ओल्या आणि तेल लावलेल्या केसांतही. मी आठवड्यातून एकदा खोबरेल लावते, त्या दिवशी माझे केस काळेच असतात.

मोबाइलच्या फोटोंबद्दलही सांगायला हवं, कारण बहुतेक जणी फोटो बघूनच रंग ठरवतात. ताईनं त्याच बटांचा फ्लॅश मारून फोटो काढला. बर्गंडी झगझगीत लाल-वाईन आली, डोळ्यांना दिसत होती त्याहून कितीतरी जास्त. फ्लॅश लेन्सच्या अगदी शेजारी असतो, त्यामुळे केसात शिरलेला प्रकाश सरळ कॅमेऱ्याकडे परततो. शिवाय फोन गडद चित्र उजळवून दाखवतो. ‘ब्लीचशिवाय’ असं लिहिलेल्या फोटोत केस झगमगत असतील, तर तो फोटो उन्हातला की फ्लॅशचा, हे आधी बघावं. घरातल्या उजेडात काढलेला एखादा फोटो असेल तर त्यावरच विश्वास ठेवावा.

आता टोकांची गोष्ट. जुन्या काळ्या रंगाची टोकं असलेली एक बटही ताईनं बर्गंडीच्या वाटीत बुडवली होती. 45 मिनिटांनी वरचा कोरा भाग जांभळट आणि खालची चार बोटं ठार काळी, आणि दोहोंच्या मधे रेघ आखल्यासारखी सीमा. रंगावर दुसरा रंग घातल्यानं पहिला उजळत नाही. पेरॉक्साइड केसातलं नैसर्गिक रंगद्रव्य तोडतं, पण आधी बसलेला कृत्रिम काळा तसाच राहतो. तो काढायचा तर रंग काढणारं वेगळं रसायन किंवा ब्लीच. मला दोन्ही नको होतं, म्हणून मी तेवढे केस कापून टाकले. लांबी पाठीच्या मध्यावर आली. ज्यांना लांबी प्यारी असेल त्यांनी तो काळा भाग वाढून निघून जाईपर्यंत थांबावं. अर्धं जांभळट, अर्धं काळं असं डोकं उन्हात फार वाईट दिसतं, आणि ते नंतर दुरुस्त करणं खर्चिक असतं.

बटा बघून मी बर्गंडी घेतली. कॉपर माझ्या केसांवर होणार नव्हता, त्यासाठी पैसे घालवण्यात अर्थ नव्हता. चेस्टनटचा विचार मात्र मी बराच वेळ केला. तो सगळ्यात नैसर्गिक दिसतो. उन्हात केसांत जणू उबदारपणा येतो आणि कुणी ‘रंग लावला का’ असं विचारतही नाही. ऑफिसात कुणाच्या लक्षात यायला नको असेल, तर ब्लीचशिवायचा चेस्टनट हा मला सगळ्यात शहाणा रंग वाटतो. पण मला तो दिसायला हवा होता. आणि ब्लीच न करता काळ्या केसांवर ‘रंग’ म्हणून दिसणारी तिघींत एकच छटा होती.

रंग लावायच्या दिवशी केस धुवायचे नाहीत. आदल्या दिवशीचं थोडं तेलकटपण टाळूला सांभाळतं. कपाळाच्या कडेनं, कानांवर आणि मानेवर व्हॅसलीन. केसांचे चार भाग करून चाप लावले. ताईनं दोन वाट्या केल्या. मोठ्या वाटीत दोन ट्यूब, म्हणजे 120 ग्रॅम क्रीम आणि 180 मिली 30 व्हॉल्यूम. ती लांबीसाठी. दुसरी छोटी वाटी नंतर कालवायची, तीच छटा पण 20 व्हॉल्यूममध्ये. ती मुळांसाठी. कालवलेला रंग हवेत राहिला की त्याचा जोर उतरतो, म्हणून दोन्ही एकदम करून ठेवायच्या नाहीत.

मुळं वेगळी का, तर टाळूच्या उष्णतेमुळे. टाळूजवळच्या पहिल्या दोन बोटांत रंगाची क्रिया वेगानं होते. सगळीकडे एकच मिश्रण एकाच वेळी लावलं, तर मुळं भडक लाल होतात आणि लांबी गडद राहते. पार्लरमध्ये त्याला ‘हॉट रूट्स’ म्हणतात. घरी पहिल्यांदा रंग लावणाऱ्या बायका पहिला ब्रश भांगावरच मारतात, तिथूनच हे सुरू होतं. काळ्या केसांवर लाल छटा असेल तर ते आणखी ठळक होतं. भांगाजवळ कुंकवासारखा लाल पट्टा आणि खाली काळे केस. ताईनं मागच्या भागापासून सुरुवात केली, कारण तिथले केस जाड असतात आणि रंग उशिरा घेतात. बोटाएवढ्या पातळ थरांत, मुळापासून दोन बोटं सोडून टोकापर्यंत. थर जाड घेतला की आतले केस कोरे राहतात, आणि काळ्या केसात ते कोरे ठिपके धुतल्यावर, उन्हात गेल्यावरच दिसतात.

लांबीला वीस मिनिटं झाल्यावर मुळांना छोट्या वाटीतलं मिश्रण लागलं. मग सगळं मिळून आणखी अर्धा तास. कंपनीच्या कागदावर जास्तीत जास्त वेळ दिलेला असतो, त्यापुढे ठेवून काही फायदा नसतो, रंगाची क्रिया तोवर संपलेली असते. मधे एकदा ताईनं एका बटीवरचा रंग टिपकागदानं पुसून खिडकीशी बघितलं. डोक्यावरचा लेप वरून जवळजवळ काळाच दिसतो, त्यावरून काही ठरवायचं नसतं. धुताना आधी थोडं कोमट पाणी घालून तोच रंग बोटांनी चोळत सैल केला, म्हणजे कपाळावरचे डागही निघतात. मग पाणी स्वच्छ येईपर्यंत धुतलं आणि शेवटी रंगवलेल्या केसांचा कंडिशनर.

केस वाळवल्यावर पार्लरच्या आरशात मी मला होते तशीच दिसले. ताई म्हणाली, ‘‘बाहेर चल.’’ बाहेर दुपारचं ऊन होतं. मी मान हलवली आणि खांद्यावरून केस पुढे आले, तर कडा जांभळट लाल, आतला भाग गडद, आणि डोक्यावर चमकेच्या बाजूनं वाईन रंगाची पट्टी. ट्यूबलाइटखाली बट काळी दिसते हे आधीच बघितलेलं असल्यामुळे आरशापुढे मी घाबरले नव्हते. बटा न बघता आले असते तर रंग चढलाच नाही असं वाटून पुन्हा लावायला सांगितलं असतं. असं सांगणाऱ्या बायका येतात, असं ताई म्हणाली. त्यांना ती आधी दारात नेऊन उभं करते.

लोकांना ते किती दिसलं? ऑफिसात पांढरे दिवे आहेत. तिथे कुणी काही म्हणालं नाही. संध्याकाळी बसस्टॉपवर मात्र शेजारी उभी असलेली सहकारी एकदम म्हणाली, ‘‘अगं, तुझे केस लाल आहेत?’’ सूर्य माझ्या मागे होता. सासूबाईंनी सकाळी गॅलरीत तुळशीला पाणी घालताना बघितलं आणि ‘‘छान दिसतोय, उगाच भडक नाही’’ म्हणाल्या. नवऱ्याला मी सांगेपर्यंत कळलं नाही, तो रात्री घरी येतो. ज्या वेळेला आणि ज्या उजेडात लोक तुम्हाला बघतात, त्यावर बर्गंडीचं दिसणं जवळजवळ पूर्ण अवलंबून आहे. लग्नाच्या हॉलमध्ये, व्हिडिओवाल्याच्या प्रखर पिवळट दिव्यांत ती सुंदर दिसते. रोजच्या दिवसात ती बाहेरची सोबतीण आहे.

पहिल्या काही धुण्यांत पाणी गुलाबी येतं. ते केसावर बसलेल्या जास्तीच्या रंगाचं असतं. त्या काळात गडद टॉवेल आणि गडद अभ्रा वापरावा, पांढऱ्या टॉवेलवरचा डाग जात नाही. त्यानंतर लाल छटा खरोखर उतरायला लागते. सगळ्या छटांत लालच सगळ्यात लवकर उतरते, हे प्रत्येक पार्लरवाली सांगेल. गरम पाणी, कडक शाम्पू आणि ऊन तिला पळवतात. गंमत म्हणजे ज्या उन्हात ती दिसते तेच तिला फिकट करतं. मी केस कोमट किंवा गार पाण्यानं धुवायला लागले, सौम्य शाम्पूनं, आठवड्यातून दोनदाच. दुपारी बाहेर जाताना ओढणी डोक्यावर. त्यानं फरक पडला.

दीड-दोन महिन्यांत जांभळटपणा गेला. उन्हात केस विटकरीकडे झुकणारे तपकिरी दिसायला लागले. पेरॉक्साइडनं जे काळं रंगद्रव्य तुटलं ते परत येत नाही. वर चढवलेला रंग निघून गेला की खाली उजळलेला केस उरतो. म्हणून रंग ‘उतरला’ की आपले मूळचे काळे केस परत मिळतील, असं कुणी धरू नये. ते फक्त मुळातून येणाऱ्या नव्या केसांना मिळतात. मुळं साधारण महिन्याला एक सेंटीमीटर वाढतात. माझी वाढलेली मुळं घरातल्या उजेडात दिसतच नाहीत, उन्हात बारकाईनं बघितलं तर कळतात. गडद केसांवर गडदच रंग घातल्याचा हा मोठा फायदा आहे.

आणि मग मला त्या चौथ्या बटीची आठवण झाली, जिच्यावर नुसता वर चढणारा लाल रंग दिसला नव्हता. ताईला फोन करून विचारलं. ती म्हणाली, ‘‘आता लाव, आता धरेल. तेव्हा खाली काळं होतं, आता तपकिरी आहे.’’ तोच बिनअमोनियाचा रंग मी कंडिशनरसारखा लांबीला लावून वीस मिनिटं ठेवला, त्यात डेव्हलपर नव्हताच. धुतल्यावर बर्गंडी जवळजवळ पहिल्यासारखी परत आली. टोकांना तर जास्तच गडद, कारण टोकांचे खवले उघडे असतात आणि ती रंग हावरटासारखी ओढतात. पुढच्या वेळी टोकांना मी तो निम्म्या वेळानं, शेवटी लावला, तेव्हा सगळं सारखं आलं.

आता लांबीला पुन्हा 30 व्हॉल्यूम लागणार नाही, असं आमचं ठरलं आहे. एकदा उजळलेले केस पुन्हापुन्हा त्याच ताकदीनं उजळवले की ते ताणल्यावर रबरासारखे लांबतात आणि तुटतात. ओली बट दोन बोटांत धरून हलकेच ओढली की ते कळतं, निरोगी बट थोडी ताणते आणि परत येते. मुळं तीन-चार बोटं वाढली की ताई तेवढ्याच भागाला 20 व्हॉल्यूमचं मिश्रण लावणार आहे, जुन्या रंगावर अजिबात न चढवता. लांबीला मी घरीच नुसता रंग देत राहीन. चेस्टनटची उरलेली अर्धी ट्यूब ताईनं झाकण घट्ट लावून तिच्या ड्रॉवरमध्ये ठेवली आहे, तिच्या धाकट्या जावेसाठी. ती शाळेत शिकवते आणि तिला रंग हवा आहे, पण वर्गात दिसायला नको आहे.